ऑनलाइन चाचणीतील वेळ आणि गुण: घाई करणारा विद्यार्थी कोण आणि अडकलेला कोण

ऑनलाइन चाचणी संपल्यावर शिक्षकाच्या हाती जी फाइल पडते, तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे गुण असतातच, पण बऱ्याच साधनांमध्ये त्याने कोणत्या प्रश्नाला किती सेकंद दिले हेही नोंदवलेले असते. गुणांचा रकाना सगळे पाहतात; वेळेचा रकाना बहुधा तसाच पडून राहतो. दहापैकी पाच गुण मिळवलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने अर्धे प्रश्न न वाचताच कोणताही पर्याय निवडलेला असू शकतो आणि दुसरा प्रत्येक प्रश्नाशी शेवटपर्यंत झगडलेला असू शकतो. त्यांचे गुण सारखे असले तरी दोघांसाठी करायचे काम अगदी वेगळे आहे, आणि हा फरक फक्त वेळेच्या आकड्यांतून दिसू शकतो. मात्र ते आकडे कसे वाचायचे हे ठाऊक नसेल, तर तेच आकडे दिशाभूलही करतात.

सर्वात आधी आपल्या फाइलमध्ये नेमकी कोणती वेळ आहे हे तपासावे. मूडलच्या गुणांच्या अहवालात ‘Time taken’ किंवा नव्या आवृत्त्यांत ‘Duration’ हा रकाना असतो, पण ती संपूर्ण चाचणीची वेळ असते, एकेका प्रश्नाची नव्हे. शिवाय ती ‘9 mins 15 secs’ अशा मजकुराच्या रूपात येते, त्यामुळे सेकंदांत रूपांतर केल्याशिवाय तिच्यावर गणित करता येत नाही. गूगल फॉर्म्समध्ये उत्तरे पाठवल्याच्या क्षणाची एकच नोंद मिळते, म्हणून प्रश्नागणिक वेळेचा विचार तिथे करताच येत नाही. प्रत्येक प्रश्न स्वतंत्र पडद्यावर दाखवणाऱ्या साधनांची फाइल या कामासाठी सर्वात उपयोगी ठरते. एकाच पानावर पाच प्रश्न असतील, तर विद्यार्थी त्या पानावर किती वेळ होता एवढेच खात्रीने सांगता येते, आणि त्या वेळेचे पाच समान भाग करणे म्हणजे नसलेली माहिती तयार करणे होय. आणखी एक अडचण गुणांच्या बाजूने येते. कहूटसारख्या खेळात बरोबर उत्तर जितके लवकर दिले जाईल तितके जास्त गुण मिळतात. म्हणजे गुणांमध्ये वेळ आधीच मिसळलेली असते, आणि अशा गुणांची वेळेशी तुलना केली तर वेळेची वेळेशीच तुलना होते. तिथे गुणांचा रकाना बाजूला ठेवून उत्तर बरोबर की चूक एवढेच घ्यावे.

यानंतर बहुतेकांचा पहिला विचार असा असतो की एकूण वेळ आणि एकूण गुण यांचा आलेख काढावा किंवा त्यांचा सहसंबंध काढावा. यातून सहसा काहीच हाती लागत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. घाई करणाऱ्याची वेळ कमी आणि गुणही कमी असतात. विषय उत्तम येणाऱ्याची वेळ कमी पण गुण जास्त असतात. अडकलेल्याची वेळ जास्त आणि गुण कमी असतात. तर सावकाश पण नीट सोडवणाऱ्याची वेळही जास्त आणि गुणही जास्त असतात. हे चारही प्रकार एकाच वर्गात असतात, त्यामुळे ते एकमेकांना खोडून काढतात आणि सहसंबंध शून्याच्या आसपास येतो. त्यावरून ‘वेळेचा आणि गुणांचा संबंध नाही’ असा निष्कर्ष काढला, तर जे शोधायचे होते तेच झाकले जाते. म्हणून एकूण बेरजेवर न थांबता एकेका प्रश्नावर उतरावे लागते.

समजण्यासाठी एक काल्पनिक चाचणी घेऊ. ३६ विद्यार्थी, १० प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि एकूण मुदत १५ मिनिटे. सहाव्या प्रश्नात एक छोटा उतारा आहे आणि त्यावर प्रश्न विचारला आहे. या प्रश्नाला लागलेल्या वेळा चढत्या क्रमाने मांडल्या, तर सुरुवातीला ४, ५, ५, ६, ७, ८ आणि ९ सेकंद अशा सात नोंदी दिसतात. त्यानंतर थेट २६ सेकंदांची नोंद येते आणि तिथून पुढे बाकीच्या २९ विद्यार्थ्यांच्या वेळा सलग पसरलेल्या आहेत. ९ आणि २६ यांच्यामधली ही मोकळी जागा फार बोलकी आहे. एकच काम कमी-अधिक वेगाने करणाऱ्यांच्या वेळांमध्ये अशी दरी सहसा पडत नाही. इथे दोन निरनिराळी कामे चालली होती, एक उतारा वाचून उत्तर शोधण्याचे आणि दुसरे प्रश्न पुढे ढकलण्याचे. परीक्षाशास्त्रात या दुसऱ्या वागण्याला ‘रॅपिड गेसिंग’ म्हणतात. आपण त्याला झटपट अंदाज म्हणू.

अर्थात दरी दिसली म्हणजे ती घाईच, असे लगेच धरू नये. झटपट अंदाजाची खरी कसोटी उत्तरांमध्ये असते. न वाचता चारांपैकी एक पर्याय निवडणाऱ्याचे उत्तर साधारण चारात एकदा, म्हणजे २५ टक्के वेळा, केवळ योगायोगाने बरोबर येते. आपल्या उदाहरणात त्या सात जणांपैकी दोघांचे उत्तर बरोबर आहे, म्हणजे २९ टक्के. उरलेल्या २९ जणांपैकी १९ जणांचे बरोबर आहे, म्हणजे ६६ टक्के. सात ही संख्या मात्र इतकी लहान आहे की तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवता येत नाही: सातही जणांनी निव्वळ अंदाज केला असता, तरी त्यांच्यापैकी चार किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ७ टक्के आहे. म्हणून सगळ्या दहा प्रश्नांमधली अशी अतिजलद उत्तरे एकत्र करून पाहावीत. समजा ती एकूण ४१ निघाली आणि त्यांतली ११ बरोबर आहेत, तर ते प्रमाण २७ टक्के होते, म्हणजे जवळजवळ योगायोगाइतकेच; आता ही उत्तरे अंदाजाने दिली होती असे बरेच खात्रीने म्हणता येते. याउलट ती ६० टक्के बरोबर निघाली असती, तर आपली सीमा चुकली आहे आणि खरोखर येत असलेल्यांनाही आपण घाईच्या गटात टाकत आहोत, असे समजावे लागले असते.

सीमा कुठे आखायची याचे काही ठरलेले मार्ग आहेत. स्टीव्हन वाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर बरेच काम केले आहे. त्यांतला एक सोपा नियम असा की त्या प्रश्नाला लागलेल्या सरासरी वेळेच्या १० टक्के ही सीमा मानावी, पण ती १० सेकंदांच्या वर जाऊ देऊ नये. आपल्या सहाव्या प्रश्नाची सरासरी ५६ सेकंद धरली, तर या नियमाने सीमा ५.६ सेकंदांवर येते आणि सातपैकी तिघेच त्यात सापडतात. हा नियम मुद्दाम सौम्य ठेवलेला आहे. निरपराध विद्यार्थ्यावर शिक्का बसण्यापेक्षा एखादा घाई करणारा सुटलेला बरा, असा त्यामागचा विचार आहे. मला मात्र हाताशी एकाच वर्गाची फाइल असताना दरी डोळ्यांनी पाहणे आणि प्रश्न स्वतः वाचून पाहणे जास्त भरवशाचे वाटते. उतारा, प्रश्न आणि चारही पर्याय भरभर वाचायला ज्याला विषय येतो अशा प्रौढ माणसाला १८ सेकंद लागत असतील, तर ९ सेकंदांत आलेले उत्तर वाचून दिलेले नाही हे उघड आहे. म्हणून या प्रश्नाची सीमा आपण १० सेकंद ठेवू. एका ओळीच्या प्रश्नाची सीमा अर्थातच त्याहून बरीच खाली, तीन-चार सेकंदांवर येईल. सगळ्या प्रश्नांना एकच सीमा लावणे ही या कामातली सर्वात जास्त आढळणारी चूक आहे, कारण तिच्यामुळे सोप्या प्रश्नावर हुशार विद्यार्थी घाईखोर ठरतात आणि लांब प्रश्नावर खरे घाईखोर निसटतात.

आता अडकलेल्यांकडे वळू. हे काम जास्त नाजूक आहे, कारण घाईच्या बाजूला वाचनाला लागणारा किमान वेळ हा पक्का आधार असतो, पण फार वेळ म्हणजे किती याला तसा कोणताही आधार नसतो. एखाद्याला ९० सेकंद लागले हे जास्त की कमी, हे त्या प्रश्नावर अवलंबून असते आणि त्या विद्यार्थ्यावरही. म्हणून वेळेची तुलना दोनदा करावी लागते: आधी त्या प्रश्नाच्या नेहमीच्या वेळेशी, आणि मग त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नेहमीच्या गतीशी.

प्रश्नाची नेहमीची वेळ म्हणून सरासरीऐवजी मध्यक घ्यावा, कारण एखादा विद्यार्थी मध्येच उठून गेला आणि त्याच्या नावावर अकरा मिनिटे लागली, तर त्या एका नोंदीने सरासरी बरीच वर सरकते, पण मध्यक जवळपास जागेवरच राहतो. हा मध्यक काढताना झटपट अंदाजाची उत्तरे आधी वगळायची. समजा स्प्रेडशीटमध्ये ‘Times’ नावाच्या पानावर दुसऱ्या ते सदतिसाव्या ओळीत ३६ विद्यार्थी आहेत, B ते K या रकान्यांत दहा प्रश्नांच्या वेळा सेकंदांत आहेत, आणि चाळिसाव्या ओळीत प्रत्येक प्रश्नाची सीमा लिहिलेली आहे. मग सहाव्या प्रश्नाचा मध्यक G41 मध्ये असा निघतो:

```
=MEDIAN(FILTER(G2:G37, G2:G37>G40))
```

दुसऱ्या पानावर प्रत्येक वेळेला त्या प्रश्नाच्या मध्यकाने भागायचे आणि झटपट अंदाजाच्या जागा रिकाम्या ठेवायच्या:

```
=IF(Times!G2<=Times!G$40, "", Times!G2/Times!G$41)
```

या भागाकाराचा अर्थ सरळ आहे: १ म्हणजे वर्गातल्या मधल्या विद्यार्थ्याइतका वेळ, २ म्हणजे त्याच्या दुप्पट. याच पानावर एका विद्यार्थ्याच्या ओळीतल्या सगळ्या भागाकारांचा मध्यक काढला की त्या विद्यार्थ्याची स्वतःची गती मिळते; हा आकडा जितका मोठा, तितका विद्यार्थी सावकाश. शेवटी प्रत्येक भागाकाराला त्या गतीने पुन्हा भागले, की हा प्रश्न त्याला त्याच्या नेहमीच्या मानाने किती जड गेला ते कळते.

तीन विद्यार्थ्यांवर हे करून पाहू. वेळा सेकंदांत आहेत.

| प्रश्न | मध्यक | क | ख | ग |
|---|---|---|---|---|
| १ | १८ | १६ | २५ | १७ |
| २ | २२ | २० | ३३ | २४ |
| ३ | ४० | ३५ | ५८ | ११८ |
| ४ | ३० | २७ | ४४ | २९ |
| ५ | ४५ | ४१ | ६६ | ४४ |
| ६ | ६४ | ८ | ९० | ६० |
| ७ | ३५ | ६ | ५२ | १०४ |
| ८ | ९० | ५ | १३२ | ८५ |
| ९ | ५० | ४ | ७४ | ४७ |
| १० | २८ | ५ | ४० | २७ |
| एकूण वेळ | | १६७ | ६१४ | ५५५ |
| गुण | | ५ | ९ | ७ |

नुसत्या एकूण वेळेवरून पाहिले, तर सर्वात जास्त वेळ लागलेला ‘ख’ अडचणीत आहे असे वाटेल, आणि ‘ग’ बराचसा त्याच्यासारखाच दिसेल. प्रश्नागणिक पाहिले की चित्र बदलते. ‘ख’ला प्रत्येक प्रश्नाला मध्यकाच्या १.३९ ते १.५ पट वेळ लागला आहे. त्याची स्वतःची गतीच सुमारे १.४७ आहे, आणि तिने भागले की त्याचा प्रत्येक प्रश्न १ च्या आसपास येतो. म्हणजे तो कुठेही अडकलेला नाही. तो सावकाश वाचणारा आहे, किंवा उत्तर पुन्हा तपासणारा आहे, किंवा पडदावाचकासारखे साधन वापरणारा आहे. कारण काहीही असो, दहापैकी नऊ गुण मिळवणाऱ्या या विद्यार्थ्याला मदतीची गरज नाही, फक्त पुढच्या चाचणीची मुदत आवळू नये एवढेच लक्षात ठेवावे.

‘ग’ची गोष्ट वेगळी आहे. त्याची गती ०.९७ च्या जवळ आहे, म्हणजे तो वर्गाच्या बरोबरीने चालतो. पण तिसऱ्या आणि सातव्या प्रश्नाला त्याने स्वतःच्या नेहमीच्या गतीच्या सुमारे तिप्पट वेळ दिला आणि दोन्ही उत्तरे चुकली. आता प्रश्नपत्रिका उघडून पाहिली आणि त्या दोन्ही प्रश्नांत शेकडेवारीवरून मूळ संख्या शोधायची आहे असे आढळले, तर अडचण नेमकी कुठे आहे ते कळले. सरळ शेकडेवारी काढण्याचा चौथा प्रश्न त्याने २९ सेकंदांत बरोबर सोडवला असेल, तर निदान आणखी अचूक होते: शेकडेवारी त्याला येते, उलट दिशेने जाणे येत नाही. गुणांच्या रकान्यात हे सगळे ‘७’ या एका आकड्यात दडलेले होते.

‘क’ने पहिले पाच प्रश्न नीट वाचून सोडवले, त्यांपैकी चार बरोबर आले, सहाव्यापासून पुढे मात्र प्रत्येक वेळ त्या-त्या प्रश्नाच्या सीमेखाली गेली आणि पाचांपैकी एकच उत्तर बरोबर आले. त्याला वेळ पुरली नाही असेही म्हणता येत नाही, कारण त्याने १५ मिनिटांपैकी २ मिनिटे ४७ सेकंदच वापरली. हे तपासणे आवश्यक आहे. शेवटचे प्रश्न झटपट उडवलेले असतील आणि एकूण वेळ मुदतीला जाऊन भिडली असेल, तर तो घाईखोर नसून मुदतीत सापडलेला असतो, आणि तिथे दोष चाचणीच्या लांबीकडे जातो. एकूण प्रश्नांपैकी किती प्रश्न खरोखर सोडवायचा प्रयत्न केला, याचे प्रमाण संशोधक काढतात आणि ते ०.९० पेक्षा कमी असेल, तर तो निकाल विश्वासार्ह मानत नाहीत. ‘क’चे प्रमाण ०.५० आहे. त्यामुळे ‘याला निम्मेच येते’ असे त्याच्या पाच गुणांवरून म्हणणे चूक ठरेल. पहिल्या पाच प्रश्नांतले त्याला बरेच येते, आणि उरलेल्या पाचांबद्दल या चाचणीने काहीही सांगितलेले नाही.

‘क’च्या ओळीवरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. झटपट अंदाज न वगळता त्याची गती काढली, तर ती ०.५३ येते, मग त्याने नीट सोडवलेले पहिले पाच प्रश्न त्याच्या ‘नेहमीच्या गती’च्या सुमारे पावणेदोन पट भरतात आणि तो तिथे जवळजवळ अडकल्यासारखा दिसू लागतो. म्हणून क्रम पाळावा: आधी घाई ओळखून वगळायची, मग मध्यक आणि गती काढायची, आणि त्यानंतरच अडकलेले शोधायचे. हीच गोष्ट प्रश्नाच्या कठीणपणालाही लागू पडते. सहावा प्रश्न ३६ पैकी २१ जणांना, म्हणजे ५८ टक्के मुलांना, आला असे वरवर दिसते. वाचून सोडवणाऱ्यांमध्ये मात्र तो ६६ टक्क्यांना आला आहे. आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या ओळीत वगळल्यानंतर चार-पाचच नोंदी उरत असतील, तर त्याच्या गतीवर विसंबू नये.

अडकल्याची खूण म्हणून स्वतःच्या गतीच्या दुपटीहून जास्त वेळ आणि शिवाय चुकलेले उत्तर, अशी जोडी धरावी. दुप्पट हा आकडा अनुभवाचा आहे, नियमाचा नाही. एकटी लांब वेळ पुरावा होत नाही, कारण दाराची घंटा वाजणे, जोडणी तुटणे किंवा चित्र उमटायला वेळ लागणे या सगळ्यांची नोंद फाइलमध्ये विचार करण्याच्या वेळेसारखीच होते. खंड पडल्याची लक्षणे थोडी वेगळी असतात: एकच नोंद, तीही दुप्पट-तिप्पट नव्हे तर दहा-पंधरा पट, आणि उत्तर अनेकदा बरोबर. खरा अडकलेला विद्यार्थी एका जातीच्या दोन-तीन प्रश्नांवर पुन्हापुन्हा थांबतो. एकाच प्रश्नावर निम्मा वर्ग थांबला असेल, तर तो प्रश्न स्वतः उघडून पाहावा. शब्दरचना संदिग्ध असते, दोन पर्याय बरोबर ठरू शकतात, किंवा चित्र लहान पडद्यावर वाचताच येत नाही. शेवटच्या प्रश्नाच्या वेळेत पाठवण्याआधीची उजळणीही मोजली गेली असण्याचा संभव असतो, म्हणून फक्त त्या एका प्रश्नावरून कोणाबद्दलही मत बनवू नये.

कमी वेळात आलेल्या बरोबर उत्तरांवरून कॉपीचा संशय घेण्याचा मोह होतो. विषय पक्का असणे, तसाच प्रश्न आधी सोडवलेला असणे आणि उत्तर आधीच कळलेले असणे, या तिन्हींत वेळ सारखीच कमी दिसते, आणि या तिन्हींना वेगळे करण्याची ताकद सेकंदांच्या आकड्यात नाही. तिथे विद्यार्थ्याला तोच प्रश्न संख्या बदलून समोर सोडवायला देणे हाच योग्य मार्ग आहे. ‘क’शी बोलतानाही ‘तू घाई केलीस’ असे सुरुवातीलाच म्हणण्यापेक्षा ‘सहाव्या प्रश्नापासून काय झाले?’ असे विचारलेले बरे, कारण तब्येत, कंटाळा, बॅटरी संपत येणे किंवा उतारा पाहूनच धीर सुटणे, यांपैकी काहीही कारण असू शकते.

या पद्धतीला मुळीच न दिसणारा एक गटही आहे. ‘ग’ने आठव्या प्रश्नाला ८५ सेकंद दिले, म्हणजे त्याच्या गतीप्रमाणे अगदी नेहमीइतकेच, आणि तरीही त्याचे उत्तर चुकले. त्याने घाई केली नाही आणि तो अडकलाही नाही. त्याला जे बरोबर वाटत होते तेच त्याने ठामपणे निवडले. अशा उत्तरांसाठी वेळेचा रकाना सोडून कोणता पर्याय निवडला होता तो रकाना उघडावा. नेहमीच्या वेळेत चुकलेल्यांची उत्तरे तीनही चुकीच्या पर्यायांत विखुरलेली असतील, तर तो भाग पुरेसा शिकवला गेला नसण्याची शक्यता जास्त असते. त्यांच्यापैकी बहुतेकांनी एकच चुकीचा पर्याय निवडला असेल, तर एक ठरावीक गैरसमज वर्गात रुजलेला आहे, आणि तो त्या पर्यायाच्या शब्दांतच वाचता येतो.